छऱ्याचा वेग, ठोकळ्याचा झोका

निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या जत्रांत फुगे फोडायला जी एअरगन मिळते, तिचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. तो डोळ्यांना दिसत नाही आणि स्टॉपवॉच सुरू करेपर्यंत फुग्यापलीकडे गेलेला असतो. अशा छऱ्याचा वेग एक लाकडी ठोकळा, दोरा आणि फूटपट्टीवर काढता येतो. निपाणीकडच्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये मी तो काढताना पाहिला.

मांडणी साधी होती. पुढून पोकळ केलेल्या ठोकळ्यात शाडूची माती ठासून भरलेली. ठोकळा एका दोऱ्यावर नव्हे, चार दोऱ्यांवर पाळण्यासारखा टांगलेला, म्हणजे झोका घेताना तो गिरकी घेत नाही. दोऱ्यांची उंची एक मीटर. मागे पट्टीवर कागदाची एक हलकी चिमटी. ठोकळा तिला ढकलत नेतो आणि परतताना तिथेच सोडून येतो. एक छर्रा तराजूवर नीट तोलला जात नाही, म्हणून वीस एकदम तोलले: दहा ग्रॅम. मातीसकट ठोकळा अर्ध्या किलोचा, म्हणजे छऱ्याच्या हजारपट जड. बंदूक टेबलाला पक्की आवळलेली, ठोकळ्यामागे जाड फळी, आणि डोळ्यांवर चष्मा नसेल त्याला आत प्रवेश नाही.

बार झाला आणि ठोकळा किंचित मागे सरकला. “सर, हा हललाय तरी कुठं? मोजायचं काय?” एका पोराने विचारलं. शंका रास्त होती. ठोकळा वर चढला होता एक मिलिमीटरहूनही कमी, आणि ती उंची पट्टीवर वाचणं अशक्य. पण तो आडवा सरकला होता 38 मिलिमीटर, आणि चिमटी तिथे थांबलेली होती. दोऱ्याची लांबी L आणि सरकलेलं अंतर x असेल, तर अशा लहान झोक्यात उंची निघते h = x²/2L. इथे ती आली 0.72 मिलिमीटर.

आता गणित उलट्या दिशेने. झोक्यात ठोकळ्याची गतिज ऊर्जा उंचीच्या ऊर्जेत बदलते. दोरा हालचालीला काटकोनात ओढतो, त्यामुळे ऊर्जा वाढवत नाही की खात नाही. म्हणून V = √(2gh). मार लागल्याबरोबर ठोकळ्याचा वेग होता सेकंदाला सुमारे 0.119 मीटर. त्याआधीची घटना म्हणजे धडक. तिथे संवेग कायम राहतो: mv = (m + M)V. एकूण वस्तुमान छऱ्याच्या हजारपट, म्हणून वेगही हजारपट: सेकंदाला सुमारे 119 मीटर.

सरांनी मग मुद्दाम चुकीची वाट धरली. धडकेपासून झोक्याच्या टोकापर्यंत ऊर्जाच कायम धरली, तर छऱ्याचा वेग येतो सेकंदाला 3.8 मीटर, म्हणजे सायकलचा. कारण साडेतीन ज्यूलमधली हजारात 999 भाग गतिज ऊर्जा माती चेपण्यात आणि उष्णतेत गेली. झोक्याच्या वाट्याला हजारावा भागच आला. संवेग मात्र धडकेत हरवत नाही. छर्रा सेंटिमीटरभर मातीत शिरून सेकंदाच्या काही हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात थांबतो. तेवढ्यात ठोकळा जागचा हललेला नसतो, दोरे सरळ उभेच असतात, म्हणून आडवा ओढणारं बाहेरचं बळ नसतं. झोका सुरू झाल्यावर दोरे कलतात, मग संवेगाचा भरवसा संपतो. दोन नियमांचं राज्य असं धडकेच्या क्षणी विभागलेलं आहे.

चुका कुठे होतात तेही तिथे दिसलं. माती वाळून कडक झाली की छर्रा उसळून मागे येतो. मग ठोकळ्याला जादा संवेग मिळतो आणि वेग खोटा वाढतो. प्रत्येक बारानंतर छर्रा आत रुतलाय का, हे पाहायचं. मार मध्यावर नसेल तर ठोकळा डुलतो. तो बार मोजायचाच नाही. नळीतून सुटणारी हवाही ठोकळ्याला ढकलते, म्हणून मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा उभा केलेला होता. आणि पट्टी वाचताना एक मिलिमीटर चुकला, तर उत्तर सेकंदाला तीन मीटरने हलतं.

ही युक्ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने 1742 साली तोफशास्त्रावरच्या ग्रंथात मांडली. त्याचा लंबक चिमटीऐवजी फीत ओढत असे. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. आज दोन प्रकाशझोतांतून गोळी नेली की वेग आकड्यात दिसतो. तरी हा प्रयोग करणाऱ्याने उत्तर काढून थांबू नये. धडकेआधीची आणि नंतरची ऊर्जा शेजारी लिहून भागाकार करावा. ऊर्जेचा नियम धडकेत का लावायचा नाही, हे त्या भागाकारातच कळतं.