नागकेशर द्या, पण कोणतं?

शेलूबाजारच्या आमच्या घरात वर्षाचा काळा मसाला चैत्रात होतो. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि मसाल्याची जबाबदारी माझ्यावर आली. धने, खोबरं, दगडफूल, शहाजिरं असं सगळं ओळखीचंच होतं. पण त्यांच्या डब्याच्या तळाशी एका पुरचुंडीत काळपट, देठाचे, वाटाण्याहून लहान असे पंधरा-वीस दाणे निघाले. चिठ्ठी नव्हती. पहिल्या नजरेला ती जुनी लवंगच वाटली.

लवंगेच्या डोक्यावर चार टोकं असतात आणि त्यांच्या मध्ये गोल मणी. दांडी जाड असते, ताज्या लवंगेच्या दांडीत नख रुतवलं की तेल सुटतं. इथे दांडी काडीसारखी बारीक होती आणि वर सुरकुतलेली वाटी. त्या वाटीत दाणा असा रुतलेला की नुसता त्याचा माथा दिसावा. मग वाटलं, कबाबचिनी असेल. तिलाही शेपूट असते. पण कबाबचिनी मिऱ्यासारखी उघडी गोल असते, तिला वाटी नसते.

वास घेताना माझी एक चूक झाली. पुरचुंडीच नाकाशी धरली, तर डब्यातल्या सगळ्या मसाल्यांचा मिळून वास आला. जुन्या दाण्यावर शेजाऱ्यांचा वास बसलेला असतो, त्याचा स्वतःचा वास आत असतो. म्हणून एकच दाणा वेगळा काढला, स्वच्छ खलात ठेचला आणि तळहातावर चोळला. दालचिनी! थोडी गोडसर, पण नक्की दालचिनीच. एकामागून एक चार-पाच वास घेतले की नाकाला फरक कळेनासा होतो, तेव्हा मध्ये थांबून मोकळ्या हवेत जावं. वास आणि रूप जुळल्यावरच कण जिभेवर ठेवला. जीभ बधिर झाली नाही, म्हणजे लवंग नाही. अनोळखी दाणा आधीच तोंडात टाकू नये. चक्रफुलासारखं हुबेहूब दिसणारं एक विषारी फळ आहे, आणि धोत्र्याच्या बिया तर आपल्या बांधावरच असतात.

शेजारच्या आत्याबाईंनी दाणा पाहिला आणि म्हणाल्या, "नागकेशर आहे व बाई हे. तुही सासू अकोल्याहून आणे."

नाव मिळालं, पण खरी अडचण तिथूनच सुरू झाली. गावातल्या किराणा दुकानदार भाऊंकडे नागकेशर नव्हतं. अकोल्याच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात नाव सांगितलं, तर त्यांनी तपकिरी-पिवळ्या तंतूंची पुडी हातात दिली. मंद, फुलाचा वास. दुकानदार चुकला नव्हता. नागचाफ्याच्या पांढऱ्या फुलातले वाळवलेले पुंकेसर म्हणजेच आयुर्वेदातलं नागकेशर. दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र यांच्याबरोबर चतुर्जातात तेच जातं. तिसरं एक तांबडं नागकेशर असतं, म्हणजे कोकणातल्या सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्या. त्या गोलसर, तांबूस, आणि फोडल्यावर दालचिनीचा मागमूस नाही. आमच्या पुरचुंडीतलं होतं काळं नागकेशर. ती फुलाची कळी नाहीच. दालचिनीच्या जातीच्या झाडाचं ते कोवळं फळ, वाटीसकट वाळवलेलं. म्हणून तर त्याला दालचिनीचा वास! तीन झाडं, तीन अवयव, आणि नाव एकच. माझ्या मते मसाल्याच्या पाककृती लिहिणाऱ्यांनी नुसतं 'नागकेशर' लिहून सोडूच नये.

दुसऱ्या खेपेला नाव न सांगता पाच दाणे कागदात बांधून नेले. समृद्धीमुळे आता नागपूर जवळ झालंय, म्हणून इतवारीत किराण्याच्या ठोक बाजारात गेले. काष्ठौषधीवाल्यांना वगळलं आणि जिथे दगडफूल, जायपत्री, बाद्यान पोत्यांतून उघडं मांडलेलं होतं तिथेच विचारलं. पहिल्या दुकानात लवंगेच्या काड्या दाखवल्या. दुसऱ्याने माझा कागद उघडला, दाणा हातात घेऊन मोडला आणि मागच्या डब्यातून मूठभर काढून शेजारी ठेवलं. वाटी, काडी, माथा, सगळं तसंच. त्यातलाही एक दाणा मी ठेचून पाहिला, कारण जुना माल दिसायला तसाच राहतो, वास मात्र उडालेला असतो. मुठीत मोकळ्या काड्या आणि रिकाम्या वाट्या जास्त असतील तर घेऊ नये, वजन त्यांचंच भरतं. पन्नास ग्रॅम पुरलं. आमच्याकडे अर्धा किलो धन्याला दहा ग्रॅम लागतं, तेही मंद आचेवर शेवटी परतायचं. जास्त भाजलं की दालचिनीचा वास जाऊन नुसता कडवटपणा उरतो.

परत आल्यावर गावातल्या दुकानदार भाऊंना दहा दाणे एका छोट्या बाटलीत नेऊन दिले आणि बाटलीवर लिहिलं: काळं नागकेशर, मसाल्याचं. त्यांनी ती गल्ल्याजवळ ठेवली. यंदा फाल्गुनातच त्यांचा निरोप आला, "माल आला आहे, या. वास तुम्हीच घेऊन पाहा."