पार्टीनंतरची धडधड

रात्री मित्रांसोबत चार लार्ज पेग व्हिस्की झाली, पहाटे मात्र छातीतल्या धडधडीने जाग आली. मनगटावर बोटं ठेवली तर नाडी जलद, आणि ठोक्यांना काही ताळमेळच नाही. अशा रुग्णाच्या ईसीजीत अनेकदा ‘एट्रियल फिब्रिलेशन’ दिसतं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. अमेरिकेतल्या फिलिप एटिंगर यांनी 1978 मध्ये या प्रकाराला ‘हॉलिडे हार्ट’ म्हटलं. हृदय एरवी निरोगी असलं, तरी हे होऊ शकतं.

बहुतेकांची लय दिवसभरात पूर्ववत होते. पण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. म्हणून धडधडीसोबत चक्कर, धाप किंवा छातीत दुखणं असेल, तर लगेच रुग्णालय गाठावं.

रक्तदाब जास्त फसवतो. भरपूर प्यायल्यावर तो आधी काही तास उतरतो आणि साधारण तेरा तासांनी चढतो. रोज पिणाऱ्याचा तो चढाच राहू लागतो.

मग किती म्हणजे जास्त? साठ मिलीच्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. एका बैठकीत 60 ग्रॅम, म्हणजे तीन पेग, हे अतिमद्यपान धरतात. स्ट्राँग बिअरच्या दीड बाटलीतही तेवढंच असतं. त्याखालचं प्रमाणही पूर्ण सुरक्षित नाही, आणि एकदा लय बिघडलेल्याने दारू सोडणंच उत्तम.