अहवालातले 7 म्हणजे शंभरपैकी 7 गुण नव्हेत

अध्ययन मूल्यमापनाचा अहवाल हाती आला की पालक आधी बुद्ध्यांक शोधतात. 99 दिसला की जीव भांड्यात पडतो आणि लगेच वाटतं, मग वाचत का नाही, आळशीच असणार. पुढच्या पानावर वाचनासमोर 'पर्सेंटाइल 7' दिसतं आणि पुन्हा धडकी भरते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

समजा, मुलगा मराठी माध्यमात चौथीत आहे, साडेनऊ वर्षांचा. गोष्टी रंगवून सांगतो, पण धड्यातलं पान वाचताना अडखळतो, ओळी गाळतो. डोळे आणि कान तपासून झालेत, दोन्ही ठीक. (ही तपासणी झाली नसेल तर अहवाल बाजूला ठेवून आधी ती करावी.)

आधी आकडे समजून घेऊ. या चाचण्यांत त्या वयाच्या मुलांची सरासरी 100 धरलेली असते आणि 90 ते 109 हा सर्वसाधारण पट्टा मानतात. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. त्याच वयाची शंभर मुलं वाचनाच्या क्रमाने उभी केली, तर 7 पर्सेंटाइलच्या मुलामागे साधारण सात जण असतात. त्याला किती टक्के वाचता आलं, हे त्यातून कळत नाही. 'वाचन वय 6 वर्षे 8 महिने' असाही एक रकाना कधीकधी असतो. तो मी तरी फार मनावर घेणार नाही. त्या लहान वयाचं सरासरी मूल जितके शब्द वाचतं तितकेच या मुलाने वाचले, एवढाच त्याचा अर्थ. मुलाची समज काही पावणेसात वर्षांची नसते.

आता आपल्या मुलाचे भाग पाहू. शब्दांतून समजणं आणि मांडणं 112, आकृत्यांवरून तर्क करणं 108, ऐकलेलं क्षणभर डोक्यात धरून ठेवणं 86, कामाचा वेग 88. चारही मिळून एकूण 99. भाग असे विखुरलेले असले की एकूण आकडा फारसं काही सांगत नाही. दोन खोल्यांत उकाडा, दोन खोल्यांत गारठा आणि घराचं सरासरी तापमान छान, तसं ते होतं. शिवाय कुठलाही आकडा चार-पाच गुण इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून 86 आणि 88 यांची तुलना करत बसू नये.

खरी गोष्ट वाचनाच्या पानावर असते. ओळखीचे शब्द वाचणं 78, म्हणजे तेच 7 पर्सेंटाइल. निरर्थक शब्द वाचणं 74. 'बर्किळ', 'टुमिप्र' असले अर्थ नसलेले शब्द कशाला वाचायला देतात, असं पालक विचारतात. ओळखीचा शब्द मूल पाठांतरावर किंवा चित्रावरून तारून नेतं. 'बर्किळ' मात्र अक्षर-अक्षर सोडवावाच लागतो. त्यात देवनागरीच्या खोड्या आहेत: पहिली वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी, उच्चारायची नंतर, रफार उच्चारायचा आधी, बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हा मुलगा नेमका तिथेच अडतो. तोच उतारा मोठ्याने वाचून दाखवला की प्रश्नांची उत्तरं मात्र बरोबर देतो. म्हणजे समज शाबूत आहे, अक्षरातून आवाज काढण्याचं काम अडलं आहे. डिस्लेक्सियाचं चित्र बहुधा असंच दिसतं.

ज्या भाषेत मूल शिकतं त्याच भाषेत वाचन तपासलं आहे ना, हे अहवालात जरूर पाहावं. मराठी माध्यमाच्या मुलाची फक्त इंग्रजी वाचनचाचणी घेतली असेल, तर त्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. 'डाली' या चाचणीसंचाची मराठी आवृत्ती आहे; ती वापरली का, असं विचारायला संकोच नको.

बलस्थानांचा परिच्छेद पालक सांत्वनासारखा वाचून सोडून देतात. पण उपाय तिथूनच निघतात. तोंडी समज 112 असलेल्या मुलाला इतिहास-विज्ञान वाचून दाखवावं, उत्तरं तोंडी घ्यावीत, म्हणजे वाचनापायी बाकीचे विषय मागे पडत नाहीत. 86 मुळे सूचना एका वेळी एकच द्यावी.

वाचनासाठी मात्र विशेष शिक्षकाकडे आठवड्यातून दोन-तीन वेळा क्रमाने काम हवं: आवाज सुटे करणं, मग काना-मात्रा-वेलांट्या, मग रफार आणि जोडाक्षरं. तेच पान दहा वेळा वाचून घेतलं की मूल पान पाठ करतं, वाचायला शिकत नाही. पंधरवड्याला त्याच पातळीचा नवा उतारा देऊन मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते वहीत लिहावं. तीन महिन्यांत आकडा हललाच नाही, तर पद्धत बदला असं शिक्षकांना सांगावं.

परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक या सवलती वेगळ्या. त्यांनी वाचन सुधारत नाही. आलेलं उत्तर कागदावर उतरतं, इतकंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. पण बोर्डाच्या सवलतींसाठी खाजगी अहवाल सहसा पुरत नाही, शासनाने नेमलेल्या केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. तिथे रांग असते. दहावीचा अर्ज भरायच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा आठवीतच नाव नोंदवावं.