मायसेल्फ, मी की काहीच नाही?

इंग्रजीच्या स्वाध्यायातली एक रिकामी जागा घ्या: ‘आय कट ___ व्हाइल शेव्हिंग.’ कापणारा मी, कापला गेलेलाही मीच. कर्ता आणि कर्म एकच असल्याने उत्तर ‘मायसेल्फ’. ‘मी’ लिहिलं तर इंग्रजी कानाला ते चूकच वाटतं.

मग त्याच वाक्यातल्या ‘शेव्हिंग’पुढे मायसेल्फ का नाही? कारण दाढी, अंघोळ, कपडे घालणं या गोष्टी माणूस सहसा स्वतःच्याच करतो, हे इंग्रजी गृहीत धरते. ‘फील’ आणि ‘रिलॅक्स’चंही तसंच. आपल्या ‘मला बरं वाटतंय’मधला ‘मला’ इथे आडवा येतो आणि विद्यार्थी ‘आय फील मायसेल्फ बेटर’ लिहून बसतो. हवं फक्त ‘आय फील बेटर’.

खरी गंमत पुढे आहे. ‘आय टुक ॲन अम्ब्रेला विथ ___.’ कर्ता मी, छत्रीही माझ्याचजवळ, तरी उत्तर ‘मी’! ‘विथ’ इथे फक्त ‘जवळ, सोबत’ सांगतो, आणि छत्री दुसऱ्या कुणासोबत नेण्याचा गोंधळ संभवतच नाही. पण ‘आय ॲम अँग्री विथ ___’मध्ये राग दुसऱ्यावरही असू शकतो, म्हणून स्वतःवरचा असेल तर ‘मायसेल्फ’ लागतं.

अनेकवचनात मराठी आपल्याला वाचवते. आरशात ‘स्वतःकडे’ पाहणारे दोघे ‘देमसेल्व्ज’, ‘एकमेकांकडे’ पाहणारे ‘ईच अदर’. मात्र ‘आम्ही एकमेकांना स्टेशनवर भेटलो’ याचं इंग्रजी नुसतं ‘वुई मेट ॲट द स्टेशन’.