पंचेचाळीस हजारांतले सात हजार दोनशे कुठे गेले?

नेमणूकपत्रावर वर्षाचा पगार लिहिला होता पाच लाख चाळीस हजार. बाराने भागले की महिन्याला ४५,००० येतात. जुलैचा पगार झाला तेव्हा मात्र बँकेत जमा झाले ३७,८००. लातूरहून पुण्यात पहिल्याच नोकरीला लागलेल्या एका मुलीचे हे उदाहरण धरू. आकडे नमुन्याचे आहेत, पण या पगाराच्या नोकरीत गणित साधारण असेच बसते. उरलेले ७,२०० रुपये कुठे गेले, याचा माग काढला की पगारपत्रकातली प्रत्येक ओळ आपोआप समजते.

यातले ४,३०० रुपये पगारपत्रकात कपात म्हणून दिसणारच नाहीत. नेमणूकपत्रातला आकडा ‘सीटीसी’चा असतो. तुम्हाला नोकरीवर ठेवण्यासाठी कंपनीला येणारा एकूण खर्च, असा त्याचा अर्थ. त्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते आणि बऱ्याचदा आरोग्यविम्याचा हप्ताही असतो. आपल्या उदाहरणात हे अनुक्रमे २,७००, १,०८२ आणि ५१८ रुपये आहेत. ते वजा केल्यावर उरतात ४०,७००. हा ग्रॉस पगार, आणि पगारपत्रक सुरू होते ते या आकड्यापासून.

या तिघांपैकी ग्रॅच्युइटीकडे नीट पाहायला हवे. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षे सलग काम केल्यावरच मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या सीटीसीत ती दर महिन्याला मोजलेली असते, पण हातात काहीच येत नाही. म्हणून दोन नोकऱ्यांची तुलना सीटीसीवरून करू नये. मुलाखतीनंतर एचआरकडे सरळ ग्रॉस आणि हातात पडणारी रक्कम विचारावी. सीटीसीत वर्षअखेरीचा कामगिरीवर ठरणारा बोनस धरला असेल, तर तोही बाजूला काढायला सांगावे. तो दरमहा मिळत नाही आणि पूर्ण मिळेलच असेही नाही.

आता प्रत्यक्ष पत्रक. डावीकडे मिळकत असते: मूळ वेतन म्हणजे बेसिक २२,५००, घरभाडे भत्ता ९,००० आणि विशेष भत्ता ९,२००. यात लक्ष ठेवायचे ते बेसिकवर, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यावरूनच ठरतात. उजवीकडच्या कपाती दोनच आहेत: पीएफ २,७०० आणि व्यवसाय कर २००.

व्यवसाय कर राज्य सरकारचा. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषांना तो महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये लागतो, म्हणजे वर्षाला २,५००. स्त्रियांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. आपल्या मुलीचा पगार त्याहून जास्त असल्यामुळे तिला तो भरावा लागतो. जून आणि डिसेंबरच्या पत्रकात कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापलेले दिसले, तर दचकू नये. आयकराची ओळ तिच्या पत्रकात शून्य आहे. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि त्यानंतर बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत आहे. तिचे वर्षाचे ग्रॉस पाच लाखांच्या आत आहे. तरीही कर कापलेला दिसला, तर लेखा विभागाला लगेच विचारावे.

पहिल्या महिन्यात मात्र हे आकडे जुळत नाहीत. ती ११ जूनला रुजू झाली असेल, तर तीसपैकी वीसच दिवस भरतात. बेसिक १५,००० आणि ग्रॉस २७,१३३ होते. पीएफ १,८०० कापला जातो, व्यवसाय कर मात्र पूर्ण २००, आणि जून असल्यामुळे वर २५. हातात पडतात २५,१०८. म्हणून हिशेब पडताळायचा तो पहिल्या पूर्ण महिन्याच्या पत्रकावरून.

खरा पैसा आहे तो पीएफमध्ये. बेसिकच्या बारा टक्के तिचे आणि तेवढेच कंपनीचे, मिळून महिन्याला ५,४००. वर्षभरात ६४,८०० रुपये तिच्या नावावर जमा होतात आणि त्यावर व्याजही मिळते. २०२४-२५ साठी व्याजदर ८.२५ टक्के होता. सुरुवातीच्या ७,२०० मधले ५,४०० असे तिचेच आहेत.

काही कंपन्या पूर्ण बेसिकऐवजी १५,००० या कायद्यातल्या वेतनमर्यादेवरच पीएफ कापतात. मग दोन्ही वाटे १,८०० होतात. त्याच सीटीसीत हातात ३९,६०० पडतात, पण पीएफमध्ये ३,६०० च जातात. पर्याय विचारला आणि घरभाडे, मेस भागत असेल, तर मी पूर्ण बेसिकवरचा पीएफच घ्यायला सांगेन. कापून गेलेली रक्कम सहज खर्च होत नाही, आणि पहिल्या नोकरीत बचतीची सवय याहून सोप्या रीतीने लागत नाही.

पीएफमधली एक चूक फार जण वर्षानुवर्षे पाहतच नाहीत. पीएफला पेन्शन योजना जोडलेली आहे. ज्यांचे बेसिक १५,००० किंवा त्याहून कमी आहे, त्यांच्यासाठी कंपनीच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनमध्ये जातात. बेसिक १४,००० असेल, तर कंपनीच्या १,६८० रुपयांतले १,१६६ पेन्शनला आणि उरलेले ५१४ पीएफला. पण १ सप्टेंबर २०१४ पासून नियम असा आहे की, पहिल्यांदा पीएफचे सभासद होताना ज्याचे वेतन १५,००० च्या वर आहे, तो पेन्शन योजनेत येत नाही. आपल्या मुलीचे बेसिक २२,५०० आहे, म्हणून कंपनीचे पूर्ण २,७०० रुपये पीएफमध्येच जमा व्हायला हवेत.

काही वेळा पगाराचे सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच सूत्र लावते आणि तिच्याही नावावर १,२५० पेन्शनमध्ये टाकले जातात. पगारपत्रकावर हे दिसत नाही, कारण तिथे फक्त तिची कपात छापलेली असते. ते दिसते पीएफच्या पासबुकात. बारा आकडी यूएएन सुरू करून ईपीएफओच्या संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर पासबुक उघडावे. त्यात कर्मचारी, कंपनी आणि पेन्शन असे तीन रकाने असतात. तिच्या पासबुकात ते २,७००, २,७०० आणि शून्य असे हवेत. २,७००, १,४५० आणि १,२५० दिसले, तर चूक झाली आहे. पेन्शनच्या रकान्यातल्या रकमेवर खात्यात व्याज जमा होत नाही, आणि पुढे पैसे काढताना किंवा दुसऱ्या कंपनीत खाते वळवताना याच विसंगतीमुळे अर्ज अडतात. दुरुस्ती कंपनीमार्फतच होते, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एचआरला ईमेल करून लेखी कळवावे. तीन महिन्यांची नोंद सुधारणे सोपे असते, सहा वर्षांची सुधारायला घेतली तर तोवर तो एचआर विभागही जागेवर नसतो.

त्याच पासबुकात पैसे वेळेवर भरले जातात का, हेही कळते. एका महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणजे जुलैचा १५ ऑगस्टपर्यंत. पासबुकात नोंद उमटायला आणखी थोडे दिवस लागतात. पण पत्रकात दर महिन्याला कपात दिसते आणि सलग दोन महिने पासबुक कोरे आहे, असे झाले तर आधी कंपनीला विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएन आणि पगारपत्रकांसह तक्रार नोंदवावी. म्हणून प्रत्येक महिन्याचे पत्रक डाउनलोड करून स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवर ठेवावे. नोकरी सोडली की कंपनीचे पोर्टल बंद होते आणि जुनी पत्रके त्यातच राहतात.