लग्नपत्रिकेचा रंग ठरवताना

लग्नपत्रिकेत रंग तीन ठिकाणी असतो: कागदाचा, अक्षरांचा आणि पाकिटाचा. निवड करताना बहुतेक घरांत आधी पाकीट पाहिले जाते, कारण दुकानात तेच नजरेत भरते. छपाईच्या दृष्टीने मात्र क्रम उलटा आहे. आधी मजकूर किती आहे ते पाहायचे, त्यावरून अक्षरांचा आणि कागदाचा रंग ठरवायचा आणि शेवटी पाकीट निवडायचे. ऋतूचा आणि घराच्या आवडीचा रंग मोकळेपणाने वापरायला पाकिटावर सर्वांत जास्त जागा असते. आतल्या कागदावर तारीख, मुहूर्त आणि स्थळ वाचायचे असते, म्हणून तिथे रंगाला मर्यादा येतात.

मराठी पत्रिकेत मजकूर भरपूर असतो. कुलदैवतांची नावे, वधूवरांची आणि दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे, मुहूर्त, मंगल कार्यालयाचा पत्ता आणि खाली निमंत्रकांची व आप्तेष्टांची यादी. यादी मोठी असली की अक्षरे लहान करावी लागतात आणि देवनागरी लहान झाली की तिच्या अडचणी सुरू होतात. ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ अशा जोडाक्षरांतल्या पोकळ जागा मुळातच बारीक असतात. गडद कागदावर सोनेरी फॉइल दाबून ही अक्षरे उठवली, तर त्या जागा फॉइलने भरून जातात आणि अनुस्वार, रफार ओळखू येत नाहीत. गडद पार्श्वभूमी छापून अक्षरे कोरी सोडली, तर शाई कडांनी पसरून बारीक रेघा बुजवते. म्हणून नावांची यादी मोठी असेल तर कागद फिका आणि अक्षरे गडद हाच मार्ग उरतो. ज्या घराची पत्रिका आठ-दहा ओळींत संपते, त्या घराला गडद कागद आणि सोनेरी अक्षरे खुशाल निवडता येतात.

गडद कागदाची आणखी एक अडचण शाईची आहे. ऑफसेट छपाईची नेहमीची शाई पारदर्शक असते. पांढऱ्या कागदावर ती आपला रंग दाखवते, पण रंगीत कागदावर खालचा रंग तिच्यात मिसळतो. पिवळ्या कागदावर छापलेली निळी अक्षरे हिरवट दिसतात आणि मरून कागदावर छापलेली लाल अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. गडद कागदावर फिका रंग उमटवायचा असेल तर दाट शाईची स्क्रीन प्रिंटिंग किंवा फॉइल लागते. दोन्हींचा खर्च वाढतो आणि दोन्हींना अक्षर मोठे लागते.

काळी शाई वाचायला सर्वांत सोपी असली तरी मंगलकार्याच्या पत्रिकेत अनेक घरे ती टाळतात. तिच्या जागी मरून, गडद डाळिंबी, गडद निळा, गर्द हिरवा किंवा कॉफीसारखा तपकिरी रंग चालतो. रंग पुरेसा गडद आहे का, हे घरच्या घरी पाहता येते. नमुना पत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. अक्षरे कागदापासून स्पष्ट वेगळी दिसली तर निवड बरोबर आहे. हिरव्या कागदावरची लाल अक्षरे रंगीत फोटोत उठून दिसतात, पण कृष्णधवल होताच दोन्ही एकाच करड्या रंगाची होतात. दोन रंगांच्या छटा वेगळ्या असल्या तरी त्यांचा गडदपणा सारखा असल्याने असे होते, आणि मोतीबिंदू झालेल्या किंवा नजर अधू झालेल्या वडीलधाऱ्यांना अशी पत्रिका वाचता येत नाही.

कागद आणि अक्षरे ठरली की ऋतूचा विचार करता येतो. महाराष्ट्रात तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, पौषात बरीच घरे थांबतात आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत पुन्हा मुहूर्त असतात. पत्रिका साधारण महिनाभर आधी वाटली जाते, त्यामुळे ती हातात पडते तेव्हा बाहेर कोणता काळ असेल हेही पाहावे लागते. मार्गशीर्षातल्या लग्नाची पत्रिका दिवाळीच्या मागोमाग पोचते, वैशाखातल्या लग्नाची चैत्रात.

थंडीत ऊन कोवळे असते आणि संध्याकाळ लवकर होते. या काळात डाळिंबी, मरून, वांगी, गर्द हिरवा असे दाट रंग ऊबदार वाटतात, आणि शेवंती-झेंडूचा पिवळा त्यांच्याबरोबर शोभतो. फाल्गुन-चैत्रात पळस आणि पांगारा फुललेले असतात, झाडांना नवी पालवी फुटते. केशरी आणि पोपटी हे त्या दिवसांचे रंग. हे दोन्ही भडक असल्याने त्यांतला एकच पाकिटावर घ्यावा आणि आत शांत मोतिया कागद ठेवावा. वैशाखाच्या उन्हात मोठ्या गडद पृष्ठभागापेक्षा मोगऱ्याचा पांढरा, बदामी, बहाव्याचा फिका पिवळा, आबोली हे रंग डोळ्यांना सुखावतात. गुलमोहराचा लाल हवाच असेल तर तो किनारीपुरता ठेवावा.

काही पंचांगांत चातुर्मासातलेही मुहूर्त दिलेले असतात आणि आता पावसाळ्यातही लग्ने होतात. त्या दिवसांत शेवाळी, मोरपंखी, मेघासारखा निळा-करडा हे रंग साजतात, पण खरी काळजी कागदाची घ्यावी लागते. दमट हवेत कागद पाणी शोषून वाकतो, स्क्रीनची दाट शाई सुकायला वेळ लागतो आणि गठ्ठ्यात एका पत्रिकेचा रंग दुसरीच्या पाठीला लागतो. पावसाळ्यात छपाईसाठी चार दिवस जास्त धरावेत आणि गडद पाकिटावर पाण्याचा थेंब टाकून रंग उतरतो का ते आधी पाहावे.

घराची पद्धत ऋतूच्या वरचढ ठरते. हळदी-कुंकवाची बोटे लावून पत्रिका देणाऱ्या घराने त्यासाठी योग्य पृष्ठभाग निवडावा. मरून पाकिटावर कुंकू दिसत नाही. चकचकीत मेटॅलिक कागद ओले कुंकू शोषत नाही, त्यामुळे ते दुसऱ्या पत्रिकेला पुसले जाते. फिक्या, किंचित खरखरीत कागदावर दोन्ही बोटे नीट उमटतात. बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकांत निळा आणि पांढरा, मुस्लिम कुटुंबांत हिरवा आणि सोनेरी, वसई-गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत पांढरा आणि हस्तिदंती हे रंग रूढ आहेत. अशा ठिकाणी मूळ जोडी तशीच ठेवून ऋतूप्रमाणे तिची छटा फिकी किंवा गडद करणे पुरते. इतर घरांना सर्वांत सोपा आधार लग्नाच्या वस्त्रांचा असतो. शालूचा किंवा पैठणीचा अंगाचा रंग आणि काठाचा रंग ही जोडी विणकराने आधीच जुळवलेली असते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. साताऱ्यातल्या एका घरी मे महिन्याच्या मध्यावर लग्न आहे, पत्रिका ५०० छापायच्या आहेत आणि नावांची यादी तिसाच्या पुढे आहे. वधूची पैठणी मोरपंखी असून तिला राणी रंगाचा काठ आहे. घरच्यांच्या मनात पहिली कल्पना येते ती मोरपंखी पत्रिकेवर सोनेरी अक्षरांची. वरच्या कसोट्या लावल्या तर ती टिकत नाही. तीस नावे बसवायला अक्षरे बारीक करावी लागतील आणि फॉइलमध्ये ती भरून जातील. शिवाय उन्हाळ्यात एवढा मोठा गडद पृष्ठभाग जड वाटेल.

तेच रंग ठेवून त्यांच्या जागा बदलल्या की प्रश्न सुटतो. आतली पत्रिका ३०० जीएसएमच्या मोतिया कागदावर घ्यायची. सगळा मजकूर गडद मोरपंखी शाईत छापायचा, चौकटीची बारीक किनार राणी रंगात काढायची आणि सोनेरी फॉइल फक्त गणपती आणि वधूवरांची नावे यांच्यापुरती ठेवायची. या नावांची अक्षरे मोठी असल्याने फॉइलमध्ये ती स्वच्छ उठतात. पाकीट बहाव्याच्या फिक्या पिवळ्या रंगाचे, आतून मोरपंखी अस्तराचे. पिवळ्यावर साध्या निळ्या पेनने पत्ता लिहिता येतो आणि टपालात तो वाचला जातो. पाकीट गडद असते, तर प्रत्येकावर पांढरे लेबल चिकटवावे लागले असते. कुंकवाचे बोटही या पिवळ्यावर ठळक दिसते, हळदीचे मात्र फारसे दिसत नाही. ते आतल्या मोतिया कागदाच्या कोपऱ्यावर लावले की पद्धतही सांभाळली जाते.

छापखान्याला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोरपंखी आणि राणी हे दोन्ही रंग नेहमीच्या चार रंगांच्या ठिपक्यांतून न काढता तयार मिसळलेल्या शाईत, म्हणजे स्पॉट कलरमध्ये छापावेत. चार रंगांच्या ठिपक्यांतून बारीक अक्षर उभे करताना एखादा रंग केसभर सरकला तरी अक्षराच्या कडा धूसर होतात. राणी रंग तर त्या पद्धतीत मळकट दिसतो. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरचा राणी, केशरी किंवा पोपटी प्रकाशातून तयार झालेला असतो, त्यामुळे शाईला ती चमक येत नाही. पडद्यावर पाहून पसंती दिली आणि छापून आल्यावर रंग उतरलेला दिसला, ही छापखान्यात नेहमी ऐकू येणारी तक्रार याच कारणाने होते.

म्हणून पसंती कागदावरच्या नमुन्याला द्यावी. नमुना ठरलेल्याच कागदावर, ठरलेल्याच शाईत छापून घ्यावा आणि दोनदा पाहावा: सकाळी खिडकीजवळ आणि रात्री घरातल्या दिव्याखाली. काही जोड्या दिवसा जुळतात आणि पिवळ्या दिव्याखाली फटकून दिसतात. नमुना पाकिटात घालून पाहावा, कारण पत्रिका आणि पाकीट पहिल्यांदा एकत्र दिसतात ते ती बाहेर काढताना. पाकिटे आणि कागद मागवताना दहा टक्के जादा एकाच वेळी घ्यावेत. मागाहून मागवलेल्या गठ्ठ्याची छटा थोडी वेगळी येते आणि एकाच घरात दोन पत्रिका पोचल्या की तो फरक लगेच कळतो.

नमुन्याची शेवटची परीक्षा घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून करून घ्यावी. संध्याकाळच्या उजेडात तिला मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता न अडखळता वाचता आला, तरच छपाईला होकार द्यावा. तिथे अडखळायला झाले तर पाकीट बदलायचे कारण नाही. अक्षरांची शाई एक छटा गडद करावी आणि नमुना पुन्हा मागवावा.