कट न मारता लसूण सोलायचा

लसूण सोलायच्या सिलिकॉनच्या नळीची अर्ध्या मिनिटाची शॉर्ट करायची आहे. आधी किचकट काम दाखवायचं, मग उपाय, आणि मध्ये एकही कट नाही. कट पडला की सोललेल्या पाकळ्या आधीच तयार ठेवल्या असतील, अशी शंका बघणाऱ्याला येते. पण सलग शॉटमध्ये वेळ आटवता येत नाही. म्हणून अडचण अशी हवी, की ती काही सेकंदांतच डोळ्यांना जाणवेल. नखाने एक पाकळी सोलताना साल बोटाला चिकटते, तेवढं पुरेसं असतं.

स्क्रिप्टसाठी कागदाचे दोन भाग करा. डावीकडे हात काय करतात ते लिहा, उजवीकडे बोलणं. डावी बाजू आधी लिहायची आणि घड्याळ लावून तालीम करायची, कारण हातांना लागणारा वेळ शब्दांमुळे कमी होत नाही.

पहिले नऊ सेकंद: एक पाकळी नखाने सोलायची, झटकूनही साल बोटावरून सुटत नाही. बोलणं एवढंच: ‘एका फोडणीला अशा दहा सोलायच्या.’ पुढचे तीन सेकंद: त्याच ढिगातल्या चार पाकळ्या नळीत टाकायच्या. नळी पहिल्यापासून चौकटीच्या कडेला दिसत राहू द्या. ती आणायला हात बाहेर गेला, की कट नसूनही संशय येतो. मग आठ सेकंद तळव्याने दाबून नळी ओट्यावर लाटायची. इथे गप्प राहा. साल फुटल्याचा कुरकुर आवाज मोबाइलच्या माइकवर नीट येतो आणि काम होतंय हे तोच सांगतो. शेवटचे दहा सेकंद नळी उपडी करण्याचे, पाकळ्या दाखवण्याचे.

ओटा काळा असेल तर पांढरी सालं उठून दिसतात. मात्र चकाकी टाळायला उजेड बाजूच्या खिडकीतून घ्या. फोन स्टँडवर लावून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर हात मध्ये आला की चित्र उजळतं-काळवंडतं.

टेक बिघडतो तो बहुतेक ओलाव्यामुळे. नळी धुऊन लगेच वापरली तर पाकळ्या आत नुसत्या घसरतात. नव्या, ओलसर लसणाची साल घट्ट असते, तीही सुटत नाही. म्हणून वाळलेला लसूण घ्या, त्याच लसणाचे दोन-तीन गड्डे जास्तीचे ठेवा आणि प्रत्येक टेकआधी नळी आतून कोरडी पुसा.

बारीक पाकळीवर दाब कमी पडतो, म्हणून एखादी सालीसकट बाहेर येते. ती लपवू नका. कॅमेऱ्यासमोरच हाताने सोला आणि म्हणा, ‘बारीक असेल तर नखच लागतं.’ गावठी लसूण वापरणाऱ्याला विकत घेण्याआधी नेमकं हेच कळायला हवं.